मान्यतेस्तव सादर

तालुक्याच्या गावातलं एखादं सरकारी कार्यालय नव्या भाड्याच्या जागेत जातं, तेव्हा लोकांना दिसतो तो फक्त बदललेला फलक. फार तर कोणी संकेतस्थळावर शोधून दीड-दोन पानांचा शासन निर्णय काढतो. त्यात जागेचं क्षेत्रफळ असतं, दरमहा भाडं असतं, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा ते असतं. शेवटी ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये दिलेल्या सहमतीने’ असं एक वाक्य असतं आणि ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ एका अधिकाऱ्याची सही. हे भाडं वाजवी का मानलं, दुसरी जागा का नाकारली, पैसे कुठून येणार, शंका कोणी काढली आणि ती कशी मिटली, यातलं काहीही त्या निर्णयात सापडत नाही. ते सगळं नस्तीच्या टिप्पणी भागात असतं.

सरकारी नस्तीचे दोन भाग असतात. एका बाजूला पत्रव्यवहार: आलेली पत्रं, प्रमाणपत्रं, नकाशे, पूर्वीचे आदेश. दुसऱ्या बाजूला टिप्पणी: या कागदांवर कार्यालयाने केलेला विचार, खालून वर चढत गेलेला. दोन्ही भागांना वेगवेगळे पृष्ठक्रमांक दिलेले असतात. म्हणून टिप्पणीत ‘पृ. 15/प.वि.’ असं दिसलं की पत्रव्यवहाराच्या बाजूचं पंधरावं पान उघडायचं. महत्त्वाच्या कागदाला ‘पताका अ’, ‘पताका ब’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. आता ई-ऑफिसमध्ये चिठ्ठ्यांची जागा दुव्यांनी घेतली आहे आणि कच्ची टिप्पणी पिवळ्या पानावर, पक्की हिरव्या पानावर लिहिली जाते. हिरवी टिप्पणी एकदा पुढे पाठवली की तिच्यात काना-मात्राही बदलता येत नाही. कागदी नस्तीत ‘चुकून राहिलं’ म्हणत एखादी ओळ मागाहून घुसवण्याची जी सोय होती, ती त्यामुळे गेली.

टिप्पणी कशी उभी राहते हे पाहण्यासाठी एक कल्पित पण अगदी नेहमीच्या वळणाचं प्रकरण घेऊ. सहायक निबंधक, सहकारी संस्था यांचं एक तालुका कार्यालय आहे. सध्याची जागा 600 चौरस फुटांची, पहिल्या मजल्यावरची, भाडं दरमहा 14,000 रुपये. मालकाने जागा रिकामी करण्याची नोटीस दिली आहे. नवी जागा सापडली आहे ती 1,200 चौरस फूट चटई क्षेत्राची, तळमजल्यावर. तिचा मालक दरमहा 42,000 रुपये मागतो, म्हणजे चौरस फुटाला 35 रुपये. प्रस्ताव तालुक्यातून जिल्हा उपनिबंधकांकडे, तिथून विभागीय सहनिबंधकांकडे, मग पुण्याला सहकार आयुक्तांकडे आणि शेवटी मंत्रालयात सहकार विभागाच्या कार्यासनात येतो. तिथे सहायक कक्ष अधिकारी टिप्पणी लिहायला बसतो.

त्याच्यासमोर पत्रव्यवहाराची पन्नास-साठ पानं आहेत. त्याच्या वरती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव आणि सचिव अशी माणसं आहेत. पायरी चढेल तसा प्रत्येकाकडे या नस्तीसाठीचा वेळ कमी होत जातो. सचिवांनी साठ पानं वाचायची नाहीत, तरी त्यांच्या सहीला साठही पानांचा आधार हवा, अशी ही अडचण आहे. म्हणून टिप्पणीचा पहिला परिच्छेद कोरडा आणि नेमका हवा: कोणी, काय, किती आणि कधीपासून मागितलं आहे. अनेक टिप्पण्या इथेच घसरतात. ‘प्रस्तुत प्रकरणी आयुक्तांचे पत्र कृपया पहावे’ असं लिहून ते अख्खं पत्रच पुन्हा उतरवलेलं असतं. दोन पानं होतात आणि मागणी काय आहे ते तिसऱ्या पानावर कळतं.

त्यानंतर नियम. नियम उद्धृत करायचा म्हणजे त्याचं नाव लिहायचं असा समज कार्यालयांत पक्का आहे. ‘वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, 1978 मधील तरतुदीनुसार’ असं लिहिलं की काम झालं! प्रत्यक्षात नियमाकडून तीन प्रश्नांची उत्तरं काढावी लागतात. पहिलं उत्तर अधिकाराचं: या रकमेच्या भाड्याला मान्यता देण्याचा अधिकार कोणाला आहे? 1978 ची नियमपुस्तिका आणि तिच्या आधारे वित्त विभागाने 17 एप्रिल 2015 रोजी काढलेला अधिकार प्रदानाचा शासन निर्णय यांत कोणत्या पातळीवरच्या अधिकाऱ्याला कोणत्या बाबीवर किती खर्च मंजूर करता येतो ते दिलेलं आहे. रक्कम आयुक्तांच्या मर्यादेत बसत असेल तर नस्ती मंत्रालयात यायचं कारणच नव्हतं. बसत नसेल तर ती किती पटींनी बाहेर आहे आणि वित्त विभागाची सहमती लागते का, हे सांगावं लागतं.

मर्यादेची भिंत दिसली की तिच्यात दार शोधणारेही असतात. तळमजल्याच्या जागेचा एक करार, मागच्या गोदामाचा दुसरा, वाहनतळाचा तिसरा. तिघांचा मालक एक, तारीख एक, आणि प्रत्येक करार मर्यादेच्या जेमतेम आत. लेखापरीक्षकाला हे तुकडे जोडायला फार वेळ लागत नाही, कारण त्याच्यासमोर तिन्ही देयकं एकाच महिन्याच्या प्रमाणकांत लागलेली असतात.

दुसरं उत्तर अटींचं. खासगी जागा भाड्याने घेण्याआधी त्या गावात सरकारी जागा उपलब्ध नाही असं प्रमाणपत्र लागतं. पदांनुसार कार्यालयाला किती क्षेत्रफळ अनुज्ञेय आहे ते पाहावं लागतं. आणि मागितलेलं भाडं वाजवी आहे का, हे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याने ठरवून द्यावं लागतं. आपल्या प्रकरणात अभियंत्याने चौरस फुटाला 30 रुपये, म्हणजे दरमहा 36,000 रुपये भाडं निश्चित केलं आहे, असं धरू. मालकाची मागणी आणि हे प्रमाणपत्र यांत 6,000 रुपयांचं अंतर आहे. चांगली टिप्पणी हे अंतर स्वतःहून मांडते आणि मालकाने 36,000 ला लेखी संमती दिली आहे की नाही तेही सांगते. संमती नसेल तर प्रस्ताव अर्धाच आहे. तो वर पाठवून उपयोग नसतो, कारण वरून ‘मालकाची संमती घ्यावी’ असा शेरा येतो आणि नस्ती सगळ्या पायऱ्या उतरून पुन्हा तालुक्याला जाते.

तिसरं उत्तर तारखेचं. प्रमाणपत्रांची तारीख पाहिली तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. कार्यालय नव्या जागेत 1 ऑक्टोबरला गेलं आणि भाडे निश्चितीचं प्रमाणपत्र डिसेंबरातलं असेल, तर प्रस्ताव मान्यतेचा राहत नाही, तो कार्योत्तर मान्यतेचा होतो. दोन्हींत मोठा फरक आहे. पहिल्यात शासनाला ‘नको’ म्हणता येतं. दुसऱ्यात सामान हललेलं असतं, मालक भाड्यासाठी खेटे घालत असतो आणि शासनासमोर ‘हो’ म्हणण्याखेरीज फारसं काही उरत नाही. हा उलटा क्रम टिप्पणीत स्पष्ट लिहिणं हे लिहिणाऱ्याचं कर्तव्य आहे. बहुधा तो ‘दि. 1 ऑक्टोबरपासून मान्यता देण्याचे प्रस्तावित आहे’ या सौम्य वाक्यात दडवला जातो. मालकाने नोटीस दिली होती आणि कार्यालय रस्त्यावर येणार होतं हे कारण खरंही असू शकतं. मग तेच लिहावं.

आता पूर्वोदाहरण. नियम स्पष्ट नसेल किंवा नियमाच्या थोडं बाहेर जायचं असेल तेव्हा ‘यापूर्वी अशाच प्रकरणी मान्यता देण्यात आली आहे’ हे वाक्य धावून येतं. आपल्या प्रकरणात तालुका कार्यालयाने एक दाखला जोडला आहे: दुसऱ्या एका ठिकाणी याच विभागाच्या कार्यालयाला चौरस फुटाला 40 रुपये भाडं मंजूर झालं होतं, तेव्हा इथे 35 द्यायला हरकत नसावी. वाचायला हे पटतं. पण कक्ष अधिकारी जुनी नस्ती मागवतो आणि उघडून पाहतो. ती जागा महानगरपालिका हद्दीतली होती. तिथे बांधकाम विभागाने स्वतःच 40 रुपये दर प्रमाणित केला होता. म्हणजे तिथे मान्य झालं ते प्रमाणित दराने भाडं देणं. हाच दाखला इथे लावला तर निष्कर्ष 30 रुपयांचा निघतो, 35 चा निघत नाही. जुना आदेश वाचणं आणि जुनी नस्ती वाचणं यांतला फरक हा असा.

कितीतरी जुन्या आदेशांच्या शेवटी ‘विशेष बाब म्हणून’ मान्यता दिल्याचं आणि ‘ही बाब पूर्वोदाहरण म्हणून समजण्यात येऊ नये’ असं लिहिलेलं असतं. गंमत अशी की टिप्पण्यांत सर्वांत जास्त दाखले याच आदेशांचे दिले जातात, अर्थात शेवटची ओळ वगळून. आणि मुळात चुकीने दिलेली सवलत असेल तर ती दाखला म्हणून दाखवण्यात अर्थच नसतो. चंदीगड प्रशासन विरुद्ध जगजित सिंग या 1995 साली छापल्या गेलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, एकाच्या बाबतीत बेकायदा आदेश झाला म्हणून दुसऱ्याला तसाच आदेश मागण्याचा हक्क मिळत नाही. तिथे वाद होता लिलावात घेतलेल्या भूखंडाचा. हप्ते थकल्याने रद्द झालेला भूखंड दुसऱ्यांना परत मिळाला, मग मलाही मिळावा, अशी मागणी होती. न्यायालयाचं म्हणणं असं की आधी अर्जदाराचं स्वतःचं प्रकरण कायद्यात बसतं का ते पाहा. टिप्पणी लिहिणाऱ्याने दाखला देण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारला तर निम्मे दाखले गळून पडतील.

सर्वांत कमकुवत लिहिला जाणारा परिच्छेद मात्र पैशांचा असतो. वित्तीय भार. सहायकाने पहिल्या मसुद्यात असं लिहिलं: ‘नवीन जागेमुळे दरमहा रु. 22,000/- इतका, म्हणजेच वार्षिक रु. 2,64,000/- इतका वाढीव भार पडेल. सदर खर्च उपलब्ध तरतुदीतून भागविण्यात येईल.’ गणित चुकलेलं नाही. 36,000 वजा 14,000 म्हणजे 22,000, त्याचे बारा महिने. तरीही हा परिच्छेद वित्त विभागात टिकणार नाही.

कारण पहिलं, कर. नवा मालक व्यापारी आहे आणि जीएसटीखाली नोंदणीकृत आहे. व्यापारी जागेच्या भाड्यावर 18 टक्के कर लागतो. 36,000 च्या दराने वर्षाचं भाडं 4,32,000 रुपये, त्यावर कर 77,760, एकूण 5,09,760 रुपये. जुना मालक नोंदणीकृत नव्हता, त्याचं वर्षाचं भाडं 1,68,000 होतं. म्हणजे खरा वाढीव भार 3,41,760 रुपये. सहायकाच्या आकड्याहून तो सुमारे तीस टक्क्यांनी जास्त आहे.

कारण दुसरं, कराराचा मसुदा. बांधकाम विभागाने 36,000 प्रमाणित केले आहेत, पण मालकाने दिलेल्या मसुद्याच्या आतल्या एका कलमात भाडं दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढेल असं आहे. तसं झालं तर दुसऱ्या वर्षी 39,600 आणि तिसऱ्या वर्षी 43,560 रुपये महिना. आज नाकारलेल्या 42,000 च्याही वर हे भाडं दोन वर्षांत जाईल, आणि तेही कोणी पुन्हा विचारल्याशिवाय. टिप्पणीत या कलमाचा उल्लेख नसेल तर सचिवांनी 36,000 ला मान्यता दिली असं त्यांना वाटतं आणि प्रत्यक्षात त्यांच्या सहीने 43,560 मंजूर होतात. म्हणून एक तर हे कलम काढायला सांगावं, नाही तर तिन्ही वर्षांचे आकडे मांडावेत. कलम काढलं तर तीन वर्षांचा एकूण खर्च करासह 15,29,280 रुपये होतो. हा एकच आकडा टिप्पणीत असला तरी वाचणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते कळतं.

कारण तिसरं, ‘उपलब्ध तरतूद’. ती उपलब्ध आहे हे कशावरून? भाड्याचा खर्च ‘14, भाडेपट्टी व कर’ या उद्दिष्टाखाली पडतो. त्या उद्दिष्टात या वर्षी मंजूर तरतूद किती, बीम्स प्रणालीवर वितरित किती, आजवर खर्च किती आणि उरलेल्या महिन्यांत इतर कार्यालयांची ठरलेली भाडी किती, हे चार आकडे लागतात. नवी जागा 1 ऑक्टोबरपासून धरली तर या आर्थिक वर्षात सहा महिन्यांचे 2,54,880 रुपये लागतील. जुन्या जागेचे याच सहा महिन्यांचे 84,000 वाचतील. म्हणजे चालू वर्षाची गरज 1,70,880 रुपये. शिल्लक तेवढी नसेल तर पुनर्विनियोजन किंवा पूरक मागणी, यांपैकी काय करणार ते सांगावं लागतं. ‘तरतुदीतून भागविण्यात येईल’ हे वाक्य लिहून मान्यता मिळते आणि मार्चमध्ये देयक कोषागारातून परत येतं. मग पुढच्या वर्षी थकीत भाड्याची वेगळी नस्ती तयार होते.

हे सगळं झाल्यावर टिप्पणीचा शेवट येतो. प्रस्ताव. इथे कार्यालयांची जुनी खोड अशी की लिहिणारा स्वतःचं मत देत नाही. ‘तरी सदर प्रस्तावास मान्यता द्यावी किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत’ असं लिहून तो हात झटकतो. खरं तर सगळे कागद वाचलेला तो एकटाच असतो. त्याने शिफारस करायला हवी, आणि तीही मोडून: दरमहा 36,000 रुपये व नियमाप्रमाणे कर, तीन वर्षांसाठी, वाढीचं कलम वगळून, अनामत रक्कम न देता, 1 ऑक्टोबरपासूनच्या कालावधीसाठी कार्योत्तर, वित्त विभागाच्या सहमतीच्या अधीन. असं लिहिलं की वरच्या अधिकाऱ्याला एखाद्या मुद्द्यापुरतं असहमत होता येतं आणि बाकीचं पुढे सरकतं. सोबत शासन निर्णयाचा मसुदाही मान्यतेसाठी जोडला तर एक फेरी वाचते.

वरच्या पायऱ्यांवर नस्तीचं काय होतं, त्यावर कायदाही आहे. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम म्हणतो की कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर 45 दिवसांत आणि गरज असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. वित्त विभागाकडे जाणारी आपली नस्ती दुसऱ्या प्रकारातली. यातली पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे: सहाव्या दिवशी समासात ‘कृपया चर्चा करावी’ असा शेरा मारून नस्ती खाली पाठवायची. एका वेळी एकच त्रुटी काढायची, ती पूर्ण झाली की दुसरी. सात दिवसांचा नियम पाळला जातो आणि वर्ष निघून जातं. एकाच वेळी सगळ्या त्रुटी विचारणारा अधिकारी कार्यासनात लोकप्रिय असतो तो यामुळे.

एवढं करून सचिवांची किंवा मंत्र्यांची सही झाली, तरी तो अजून आदेश नसतो. बच्चित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1962 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. पेप्सू राज्यातल्या एका महसूल कर्मचाऱ्याला बडतर्फ केलं होतं. त्याच्या अपिलावर महसूल मंत्र्यांनी नस्तीवर लिहिलं की बडतर्फी नको, पदावनती पुरे. पण हे त्याला कळवणारा आदेश निघालाच नाही. पुढे पेप्सू पंजाबात विलीन झालं आणि पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी बडतर्फी कायम केली. न्यायालय म्हणालं, मंत्र्यांचा शेरा राज्यपालांच्या नावाने निघून संबंधिताला कळवला जात नाही, तोवर तो शासनाचा आदेश होत नाही आणि तोवर मत बदलता येतं. म्हणून ‘साहेबांची सही झाली आहे’ या तोंडी निरोपावर जागेचा ताबा घेणाऱ्या कार्यालयाच्या पायाखाली काहीच नसतं.

टिप्पणी हा मग निर्णय नाही, निर्णयामागचं कारण आहे. आणि नेमकं तेच लोकांना पाहू द्यायचं की नाही यावर देशात मोठा वाद झाला. माहिती अधिकाराचा कायदा ऑक्टोबर 2005 मध्ये लागू झाला. त्यातल्या ‘अभिलेख’ या व्याख्येत नस्ती आहे, तरी केंद्र सरकारचं कार्मिक खातं टिप्पण्या त्यात येत नाहीत असं सांगत राहिलं. जानेवारी 2006 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने उलट निर्णय दिला. तेव्हा सरकारने कायद्यातच दुरुस्ती करून टिप्पण्या वगळायचं ठरवलं. ऑगस्ट 2006 मध्ये अण्णा हजारे आळंदीला याविरुद्ध उपोषणाला बसले आणि ती दुरुस्ती मागे पडली.

तेव्हापासून सामान्य नागरिकाला टिप्पणी मागता येते, पण बहुतेकांचा अर्ज चुकतो. ते ‘भाड्याच्या मान्यतेची माहिती मिळावी’ असं लिहितात आणि त्यांना शासन निर्णयाची प्रत मिळते, जी संकेतस्थळावर होतीच. अर्जात ‘टिप्पणी भाग व पत्रव्यवहार भाग यांसह संपूर्ण नस्तीची प्रत’ असे शब्द लिहा आणि शासन निर्णयावरचा ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक उतरवून द्या. महाराष्ट्रात असा अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांत असावा लागतो. शुल्क 10 रुपये आणि प्रतीच्या दर पानाला 2 रुपये. नस्ती हाती आली की आधी पैशांचा परिच्छेद वाचा, मग प्रमाणपत्रांच्या तारखा.